शनिवार-रविवारच्या जादा तासांची नोटीस लावण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझी नोटीस काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली. मग सकाळी परत एकदा कागदावर उतरवून वाचली, कारण मोबाईलवर तासांचा हिशोब लागत नाही मला. बारावी सायन्सची ६२ पोरं, फिजिक्सचा क्लास तू एकटा चालवतोस, खोली ३५ जणांची, आणि तू लिहिलंयस शनिवारी २ ते ६, रविवारी ८ ते २, सोमवारी टेस्ट, हजेरी शंभर टक्के "सक्तीची". तळमळ कळते रे, बोर्ड तोंडावर आलंय आणि पालक रोज विचारतायत एक्स्ट्रा कधी सुरू करणार म्हणून. पण ही अशीच लावू नकोस.

आधी एक गोष्ट सांगतो, माझ्याच क्लासची. एक मुलगा होता, जादा तासांना एकही दिवस न चुकलेला, माझ्या रजिस्टरला त्याच्या नावापुढे नुसत्या टिकाच टिका. बोर्डाच्या आधी शेवटी एकदा पूर्ण पेपर लिहून घेतला तर सेक्शन बी मधले बाराच्या बारा प्रश्न सोडवलेले, सुंदर अक्षर, आकृत्या पेन्सिलीने, आणि सेक्शन डी चं पान कोरं. कोणतेही आठ सोडवा म्हटलेलं त्याने वाचलंच नव्हतं. आता हिशोब बघ, ७० मार्कांना १८० मिनिटं म्हणजे मार्कामागे साधारण अडीच मिनिटं, चार जादा प्रश्न दोन-दोन मार्कांचे म्हणजे २० मिनिटं गेली, आणि त्याच २० मिनिटांत डी मधले चार-चार मार्कांचे दोन प्रश्न झाले असते. आठ मार्क असे गेले, येत असून गेले. दोन महिने तो माझ्यासमोर बसून होता आणि मी त्याला फळ्यावर गणितं दाखवत होतो, त्याच्या हातून पेपर लिहून घेतलाच नाही. ती चूक माझी होती आणि मला अजून ती बोचते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, जादा तासांत शिकवणं कमी कर आणि लिहून घे. आणि लिहायची वेळ बोर्डाचीच ठेव, सकाळी ११ ते २, वर शेवटची १० मिनिटं, म्हणजे २:१० ला पेपर गोळा. सकाळी आठला ताज्या डोक्याने लिहिलेला पेपर आणि अकराला, एकच्या सुमाराला भूक लागायला लागते तेव्हाही हात चालू ठेवून लिहिलेला पेपर, यात फरक पडतो, पोरांनाच विचार.

आता तू म्हणशील ६२ जण एका खोलीत कसे बसवू. खोली राहू दे बाजूला, तपासणार कोण? एक पेपर नीट तपासायला, म्हणजे स्टेप कुठे चुकली, युनिट कुठे राहिलं हे लाल पेनाने लिहायला १२ मिनिटं धर. ६२ गुणिले १२ म्हणजे ७४४ मिनिटं, साडेबारा तासांच्या आसपास. आठवड्याचा क्लास सांभाळून ते होत नाही, मग गठ्ठा कपाटावर पडतो आणि तीन आठवड्यांनी पेपर हातात मिळतो, तोवर पोरगं आपण काय लिहिलं होतं ते विसरलेलं असतं. असा पेपर घेऊन काय उपयोग.

त्यापेक्षा ३१-३१ च्या दोन बॅच कर आणि एकाआड एक रविवारी पेपर घे. या रविवारी बी बॅच, पुढच्या रविवारी ए. म्हणजे आठवड्याला ३१ पेपर, सव्वासहा तासांच्या आत, रोज सव्वा तास बसलास की शुक्रवारपर्यंत हातावेगळे. शनिवारी ३ ते ५ तीच बॅच बोलवायची, पेपर वाटायचे आणि फक्त जास्त जणांचं चुकलं तेवढंच फळ्यावर घ्यायचं. खोलीचा प्रश्नही सुटला आणि एका पोराला एका वीकेंडला एकदाच यावं लागलं. बी चे पेपर ३० नोव्हेंबर, १४ आणि २८ डिसेंबर, ११ जानेवारी. ए चे ७ आणि २१ डिसेंबर, ४ आणि १८ जानेवारी. प्रत्येकाला चार पेपर. त्यापुढे ओढू नकोस, जानेवारीच्या शेवटी जेईई मेन असते आणि प्रॅक्टिकल सुरू होतात, तेव्हा कोण येणार आणि येणाऱ्याचं मन कुठे असणार. सोळाही धडे नोव्हेंबरात झालेले नसतील तर पहिला पेपर झालेल्या धड्यांवरच काढ, पण साचा मात्र पूर्ण ७० मार्कांचाच, ए पासून डी पर्यंत.

सोमवारची टेस्ट काढून टाक. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासेसना धरून, त्यात दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको असं आहे. तुझा रविवार ८ ते २ म्हणजे सरळ सहा तास होतात, आणि सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचा क्लास धरला तर सुट्टीच उरत नाही. सोमवार पूर्ण सुट्टी दे, मग मंगळवारीही टेस्ट नको.

हजेरीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुझी ती ओळ मला खटकली. "७५ टक्के हजेरी नसल्यास परीक्षेला बसता येणार नाही" असं लिहिलंयस. ती ७५ टक्क्यांची अट कॉलेजच्या हजेरीची आहे, हॉल तिकीट कॉलेजमार्फत मिळतं, तुझ्या-माझ्या हातात ते नाही. पोरं अशी ओळ वाचून घाबरतात आणि ताप अंगात घेऊन येतात, किंवा मग पालक एकदा कॉलेजात विचारून येतात आणि तुझ्या पुढच्या कुठल्याच नोटीशीवर विश्वास ठेवत नाहीत. जे तू खरंच करणार आहेस तेवढंच लिही. ११:१५ पर्यंत कोणी आलं नाही तर घरी फोन, आणि तो फोन तू स्वतः कर, कारण गावाकडनं येणारी मुलगी घरून निघाली आणि क्लासला पोचली नाही हे घरच्यांना सव्वाअकराला कळलं पाहिजे, संध्याकाळी नाही.

एसटी उशिरा आली म्हणून कोणी ११:२० ला आलं तर दारातून परत पाठवू नकोस, बसव, पण पेपर २:१० लाच घे. चुकलेला पेपर घरी लिहून आणला तर तपासून दे, वेळ लावून लिहिला का तेवढं विचार.

नोटीस अशी कर:

"बारावी फिजिक्स, सराव पेपर. पेपर रविवारी सकाळी ११ ते २:१०, १०:४५ ला जागेवर बसावे. बी बॅच : ३० नोव्हें., १४ व २८ डिसें., ११ जाने. ए बॅच : ७ व २१ डिसें., ४ व १८ जाने. तपासलेला पेपर पुढच्या शनिवारी ३ ते ५ मध्ये मिळेल, त्या दिवशी हजर राहणे तितकेच गरजेचे. ११:१५ पर्यंत न आल्यास पालकांना फोन केला जाईल. आजारपण, कॉलेजचे प्रॅक्टिकल किंवा दुसरी परीक्षा असल्यास आदल्या दिवशी कळवावे. सोमवारी क्लासला सुट्टी. जादा फी नाही."

शेवटची ओळ तू लिहिली नव्हतीस, पण पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. बॅच पाडताना हुशार-कच्चे असं पाडू नकोस, कोणाला कुठली एसटी आहे ते बघून पाड, शनिवारी पाचनंतर ज्यांना गाडीच नाही त्यांना अर्धा तास आधी सोड आणि त्यांचे पेपर सगळ्यात आधी दाखव.

पहिला पेपर तपासून झाला की गठ्ठा घेऊन माझ्याकडे ये, सेक्शन बी किती जणांनी बाराच्या बारा सोडवलंय ते मला बघायचंय.

तुझा,
सर