मंडपात गाजणारा आवाज माइकपुढे का अडतो

«मॅडम, मी रत्नागिरी तालुक्यातली, वय २७. पतसंस्थेत नोकरी करते, पगार १४ हजार. गावातले कार्यक्रम, लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं यांचं निवेदन मीच करते. सगळे म्हणतात, एवढा आवाज असून इथे काय करत्येस, मुंबईला जा, डबिंग कर. एका क्लासची फी ४५ हजार आहे, तीन महिने, कामाची हमी. बाबा म्हणतात, आवाजावर कोणाचं पोट भरलंय? नोकरी सोडू का?»

पहिल्या भेटीला ती आली तेव्हा फोनमध्ये निवेदनाच्या क्लिप होत्या. त्या बाजूला ठेवून तिच्या हातात एक छापील पान दिलं. त्यात शेतीविषयक सूचना, दोन-तीन रकमा, एक तारीख आणि चार अनोळखी आडनावं होती. एकदाही न चाळता ते मोठ्याने वाचायचं होतं. दीड मिनिटाच्या वाचनात ती सहा ठिकाणी अडखळली. त्यातल्या चार जागा आकड्यांच्या आणि आडनावांच्या होत्या. पाठ केलेलं किंवा सुचेल तसं बोलणं तिला उत्तम जमत होतं. पण आवाजाच्या धंद्यात बहुतेक वेळ दुसऱ्याने लिहिलेलं, पाच मिनिटांपूर्वी हाती पडलेलं वाचायचं असतं. वाचताना डोळे जिभेच्या चार-पाच शब्द पुढे असावे लागतात, आणि ही सवय रोज वीस मिनिटं अनोळखी मजकूर वाचूनच लागते. वर्तमानपत्रातलं बाजारभावांचं पान यासाठी फार कामाचं. वाचायला कंटाळवाणं असतं, म्हणूनच.

मग तेच वाचन ध्वनिमुद्रित करून तिला ऐकवलं. दोन गोष्टी तिच्या स्वतःच्याच कानाला खटकल्या. पहिली म्हणजे प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच उंचीवर जात होता, जणू पुढे टाळ्या येणार आहेत. मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. स्टुडिओतला माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि त्याला फेकलेला आवाज ओरडल्यासारखा लागतो. तिथे एकाच माणसाशी बोलायचं असतं. दुसरी गोष्ट हेल आणि ‘ण’. तालुक्यातल्या बोलीचा लांबवलेला शेवट आणि भरात असताना ‘पाणी’चं ‘पानी’ होणं हा काही दोष नाही. बोलीतल्या पात्राला तेच हवं असतं. पण प्रमाण मराठीत वाचताना ते नकळत येता कामा नये. आम्ही तिला बोली पुसायला सांगितलं नाही, दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला सांगितलं. एक उतारा प्रमाण भाषेत, लगेच तोच आपल्या बोलीत, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकायची. सहा आठवड्यांत तिला ‘ण’ सापडला. हेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

क्लासबद्दल सांगायचं तर फीपेक्षा माइकची मिनिटं मोजावीत. तिने चौकशी केली. दोन-दोन तासांचे आठवड्याला दोन, असे २४ वर्ग आणि एका तुकडीत २० जण. दोन तासांतला प्रत्येक क्षण ध्वनिमुद्रणाला दिला तरी एकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. म्हणजे ४५ हजारांत सगळी मिळून २ तास २४ मिनिटं. कामाची हमी लेखी मागितली तेव्हा ती ‘संधी मिळवून देऊ’ अशी झाली. तो क्लास तिने सोडला. त्याऐवजी ६ हजारांची दोन दिवसांची डबिंगची कार्यशाळा केली. तिथे आठच जण होते आणि प्रत्येकाला पडद्यासमोर उभं राहून आपली चूक पुन्हा करून बघता आली.

डबिंग म्हणजे चांगला आवाज लावणं, हा समज तिथेच गेला. कानात हेडफोन, त्यात मूळ कलाकाराचा आवाज, म्हणजे पायलट. समोर पडद्यावर चित्र आणि वेळेचे आकडे, बाजूला स्टँडवर संहिता. दिग्दर्शक काचेपलीकडून एकेक तुकडा देतो. ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवायचे, त्यात सगळ्यात उघडे पडतात ते प, फ, ब, भ, म, कारण तिथे ओठ मिटतात. कार्यशाळेतलं एक वाक्य बघा. पडद्यावरची बाई म्हणते, ‘लीव्ह मी अलोन’. संहितेत होतं, ‘मला एकटं राहू दे’. अर्थ बिनचूक आहे, पण पहिल्याच क्षणी ओठ मिटायचा आवाज येतो आणि चित्रात ओठ उघडे असतात. शिवाय मूळ वाक्य चार ठोक्यांचं, हे सात ठोक्यांचं, त्यामुळे तोंड बंद झाल्यावरही आवाज चालूच राहतो. ‘जा, मला सोड’ घेतलं तर ठोके चार होतात, ‘म’ बरोबर ‘मी’वर येतो आणि शेवटचा ‘सो’ त्या ‘लो’च्या गोल ओठांवर बसतो. हे खरं तर संहिता लिहिणाऱ्याचं काम. पण स्टुडिओत वाक्य बसत नाही तेव्हा दिग्दर्शकाला दुसरा शब्द पटकन सुचवणारा कलाकार पुन्हा बोलावला जातो. घरी हा सराव फुकट होतो. अर्ध्या मिनिटाचं दृश्य घ्यायचं, आवाज बंद करायचा, मराठी वाक्यं लिहून बसवायची. हुंदका, धाप, घोट गिळणं हेही करायचं. नवख्याला आधी अशीच कामं आणि गर्दीतले आवाज मिळतात.

दुसऱ्या भेटीत घराचा प्रश्न निघाला. तिला घरूनच काम करायचं होतं. तिने १५,५०० रुपयांत कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, स्टँड आणि पॉप फिल्टर घेतलं. त्याआधी आम्हाला विचारलं असतं तर ‘खोलीपासून सुरुवात करा’ असं सांगितलं असतं. चिऱ्याच्या उघड्या भिंतींवरून आवाज परत फिरतो. पडवीवर पत्रा. जुलैत तिने गप्प राहून तीस सेकंद ध्वनिमुद्रण केलं, तर शांततेची पातळी उणे ३८ डेसिबल आली. ऑडिओबुकसाठी ती साधारण उणे ६० किंवा त्याहून खाली लागते. पावसाचा आवाज नंतर संगणकावर पुसता येईल असं तिला वाटलं. पुसला, पण शब्दांना पाण्याखालून बोलल्यासारखा सूर आला. निर्मात्याने अख्खा अध्याय परत पाठवला. शेवटी मधल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटासमोर, मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगून जागा तयार झाली. फ्रीज बंद, पंखा बंद. पहाटे कोंबडे, रात्री रातकिडे, म्हणून दुपारी दीड ते साडेतीन हीच वेळ उरली, आणि तीही फक्त रविवारी. पावसाळ्याच्या दमट हवेत कंडेन्सर माइक उघडा ठेवला की करकरायला लागतो. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवल्यावर ते थांबलं. फाइल मागतात ती बहुधा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही.

नमुना, म्हणजे डेमो, तिने पहिल्यांदा चार मिनिटांचा केला आणि ‘रसिकहो’ने सुरू केला. तो कोणी पूर्ण ऐकत नाही. एका मिनिटाचा, चार तुकड्यांचा करून घेतला. सगळ्यात चांगला तुकडा अगदी सुरुवातीला, मागचं संगीत हळू. जाहिरातीचा वेगळा, डबिंगचा वेगळा.

रेडिओ तिला सगळ्यात जवळचा वाटत होता, कारण आकाशवाणीचं केंद्र रत्नागिरीतच आहे. तिथली नैमित्तिक निवेदकाची जागा जाहिरात निघाली की भरते. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत अशा पायऱ्या असतात. निवड झाली तरी ती नोकरी नसते. पॅनेलवरच्या निवेदकाला महिन्याला साधारण सहाच ड्यूट्या द्यायची पद्धत आहे, आणि मानधन ड्यूटीप्रमाणे. तरीही आम्ही तिला ही वाट पक्की धरायला सांगितलं. थेट प्रक्षेपणात घड्याळाकडे बघत बोलण्याची जी सवय तिथे लागते, ती विकत मिळत नाही. ती अजून जाहिरातीची वाट बघते आहे.

वर्षभर नोकरी न सोडता एका वहीत सगळं लिहायचं ठरलं. काम कधी केलं, रक्कम किती ठरली, हातात कधी आली. वर्षाअखेर वही उघडली. निवेदनाचे २६ कार्यक्रम, प्रत्येकी २,५०० प्रमाणे ६५ हजार. दुकानं, रिसॉर्ट, प्रचाराच्या गाड्या यांसाठीची ध्वनिमुद्रणं, २८ हजार. एक ऑडिओबुक, तयार झालेल्या तासाला १,५०० दराने, ५ तासांचे ७,५०० रुपये. त्याला प्रत्यक्षात २१ तास लागले. डबिंगसाठी रात्रीच्या गाडीने मुंबईच्या तीन फेऱ्या. पहिलीत नुसती चाचणी, दुसरीत गर्दीतला आवाज, तिसरीत कार्टूनच्या दोन भागांत छोटी भूमिका. मिळून ९ हजार. टीडीएसचे ९०० कापून ८,१०० आले, तेही शंभरेक दिवसांनी. ते ९०० विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण अनेक जण कमाई थोडी म्हणून ते भरतच नाहीत.

एकूण १,०९,५००. ही रक्कम बघून ती हसली. मग निवेदनाची ओळ झाकली, कारण ते काम ती आधीपासूनच करत होती. नवं उत्पन्न उरलं ४४,५००. त्यातून साहित्याचे १५,५००, कार्यशाळेचे ६,०००, मुंबईच्या फेऱ्यांचे ४,८०० वजा केले. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे होता म्हणून एवढ्यावर भागलं. शिल्लक १८,२००, वर्षाची. आणि महिने सारखे नव्हते. जत्रा, शिमगा, लग्नसराईच्या दिवसांत वही भरलेली, जुलैत सगळे मिळून १,२०० रुपये.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. एका रिसॉर्टने तिचं एकदाच पैसे दिलेलं ध्वनिमुद्रण तीन वेगवेगळ्या चित्रफितींना लावलं होतं. आता ती काम घेतानाच व्हॉट्सअॅपवर लिहून घेते, आवाज कुठे आणि किती महिने वापरणार, आणि दुरुस्त्या किती. दोनपर्यंत फुकट, मजकूर बदलला तर नवीन काम.

बाबा तिसऱ्या भेटीला सोबत आले. वही त्यांनीच चाळली. त्यांचा प्रश्न नेमका होता, «हिने मुंबईत राह्यलं तर हे वाढेल?» डबिंगचं वाढेल, कारण संध्याकाळी फोन करून उद्या सकाळी बोलावणाऱ्या स्टुडिओला जवळचा माणूस लागतो. पण मराठी डबिंगचं काम हिंदीच्या मानाने कमी आहे, हिंदीत तिचा हेल अजून जात नाही, आणि खोलीभाडं पहिल्या तारखेला द्यावं लागतं, मानधन मात्र तीन महिन्यांनी येतं. मुंबईला जायचंच तर निदान सहा महिन्यांचा खर्च आधी हातात हवा.

तिने नोकरी ठेवली. पतसंस्थेकडून महिन्याला दोन दिवसांची बिनपगारी रजा मागून घेतली, त्या दोन दिवसांत मुंबई. यंदा घरातला खर्च एकच, पडवीच्या पत्र्याखाली छत मारायचं. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत.