सॅच्युरेशनमध्ये बीटा शोधू नकोस

ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असताना बीटाने काढलेला कलेक्टर करंट का जुळत नाही, हा तुझा प्रश्न. तुझ्या सर्किटचेच आकडे घेऊ: ५ व्होल्टचा सप्लाय, त्यापासून कलेक्टरला १ किलोओहम, बेसला १० किलोओहम, आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. बेसमध्ये साधारण ०.४३ मिलिअँपिअर जातो. बीटा, म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट, तो २०० धरून तू ८६ मिलिअँपिअर काढलेस, पण कलेक्टरचा रेझिस्टर ५ मिलिअँपिअरच्या वर देणार कुठून?

आता ट्रान्झिस्टरचे मॉडेल काढ. बेसपासून एमिटरकडे एक डायोड, बेसपासून कलेक्टरकडे दुसरा, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये करंट सोर्स. (नुसते दोन सुटे डायोड जोडून ट्रान्झिस्टर होत नाही, खरी करामत या सोर्सची.) सोर्स जास्त करंट ओढू पाहतो, तसा कलेक्टरचा व्होल्टेज खाली येतो. तो बेसच्याही पुरेसा खाली गेला की दुसरा डायोड चालू होतो. बेसचा जास्तीचा करंट त्यातून कलेक्टरकडे वळतो आणि सोर्सचा जोरही तिथेच आवरतो. हेच सॅच्युरेशन.

मीटर लावून बघ. बेस-एमिटर ०.७, बेस-कलेक्टर ०.६ च्या आसपास. कलेक्टर-एमिटरवर उरतो दोन्हींतला फरक, सुमारे ०.१ व्होल्ट. मात्र या मॉडेलमध्ये साठलेला चार्ज नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टर बंद व्हायला लागणारा उशीर त्यातून कळणार नाही.