लग्नात पांढरा रंग आणि पांढरी फुलं

प्रश्न: बहिणीला रिसेप्शनला पांढरा गाऊन हवाय, आजी म्हणते पांढरं अशुभ. खरं काय?

दोघींचंही खरं आहे, कारण पांढऱ्याचा अर्थ जागेनुसार आणि काळानुसार बदलत गेलाय.

युरोपातही पूर्वी नवऱ्या रंगीत कपडे घालत. फ्रान्समध्ये तर पांढरा रंग राण्यांच्या शोकाचा होता. १० फेब्रुवारी १८४० ला राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या सॅटिनमध्ये, डोक्यावर मुकुटाऐवजी संत्र्याच्या पांढऱ्या फुलांचं कडं घालून लग्नाला उभी राहिली. पोशाखावर इंग्लंडमधल्या हॉनिटन गावची हाताने विणलेली लेस होती आणि पांढऱ्यावर ती उठून दिसली. त्या लग्नाची चित्रं सगळीकडे पोहोचली आणि रीत पसरली. पांढरं म्हणजे पावित्र्य, हा अर्थ त्यानंतर ठसत गेला.

आजीच्या मनात आहे ते विधवेचं पांढरं लुगडं. ती वेदना खरी आहे, तिला हसू नका. पण आपल्या सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी प्रतीकात्मक लग्न लागतं, तेव्हा भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. म्हणजे आपल्याच गावातल्या सर्वात मोठ्या लग्नात पांढरं मंगल आहे. आजीला याचीच आठवण करून द्या.

माझं मत: विधीला पिवळी अष्टपुत्री, रिसेप्शनला गाऊन. गाऊनला जरीचा काठ लावा, केसांत मोगऱ्याचा गजरा. कोरं पांढरं आजीला खुपतं, मोगरा नाही.