क्लास सोडला तरी वेबसाइटवर फोटो तसाच आहे, काढायला पत्र कसं लिहू?

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरच्या एका कोचिंग कंपनीतली नोकरी मी दीड वर्षापूर्वी सोडली. त्यांच्या वेबसाइटवर ‘आमचे प्राध्यापक’मध्ये अजून माझं नाव आणि फोटो आहे. तीनदा फोन केला, ‘काढतो’ म्हणतात. पत्रात काय लिहू? वकील लागेल का?

उत्तर: वकिलाचं नंतर बघू. आधी माझं ऐका, कारण मी यातून गेले आहे.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी चार वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. सोडून परभणीला आले, त्याला आठेक महिने झाले असतील, तेव्हा औशाच्या एका पालकाचा फोन आला. “मॅडम, पोरीची फी भरली बघा. तुम्ही हाय म्हणून तर तिथं टाकलं.” मी तिथं नाही हे सांगताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री वेबसाइट उघडली. माझा फोटो जागच्या जागी होता आणि खाली ‘रसायनशास्त्र विभागप्रमुख’. विभागप्रमुख मी कधीच नव्हते. सोडून गेल्यावर बढती मिळाली होती!

मीही आधी फोनच केले. सर म्हणायचे, “वेबसाइटवाल्याला सांगतो.” सांगतही असतील बिचारे. पण तो वेबसाइटवाला म्हणजे ठेक्यानं काम करून गेलेला एक मुलगा. ‘त्या मॅडमचं काढ’ एवढ्यावरून त्याला काय कळणार? कुठल्या पानावरचं, कुठला फोटो? हे लक्षात आलं आणि मी पत्र वेगळ्या पद्धतीनं लिहिलं. पत्र संचालकांच्या नावे, पण वाचून काम करणार तो मुलगा. सरांनी नुसतं फॉरवर्ड केलं तरी काम व्हावं, असं ते हवं.

म्हणून आधी शोधा. गुगलवर असं टाका, क्लासच्या वेबसाइटचा पत्ता घालून:

```
site:classchapatta.com "तुमचं नाव"
```

एकदा नाव देवनागरीत, एकदा रोमन लिपीत टाका. आडनाव आधी लिहिलेलंही करून बघा. माझं नाव चार ठिकाणी निघालं: प्राध्यापकांचं पान, मुखपृष्ठावरची सरकती पट्टी, निकालाची एक जुनी बातमी आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकाची पीडीएफ. ती पीडीएफ मी विसरूनच गेले होते. प्रत्येक पानाची लिंक उतरवून घ्या. शिवाय संगणकावर फोटोवर उजवी क्लिक करून `Open image in new tab` करा आणि जी लिंक वर दिसेल ती वेगळी लिहा. ती का, ते पुढे येईलच. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या.

माझं पत्र साधारण असं होतं:

> प्रति, मा. संचालक
> विषय: संकेतस्थळावरून माझे नाव व छायाचित्र काढण्याबाबत
>
> महोदय,
> मी आपल्या संस्थेत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत रसायनशास्त्र विषयाची शिक्षिका होते. सध्या आपल्या संस्थेशी माझा संबंध नाही. तरीही खालील चार ठिकाणी माझे नाव व छायाचित्र सध्याच्या प्राध्यापक म्हणून दिसते. त्यामुळे पालकांचा गैरसमज होत असून मला तसे फोन येत आहेत. संकेतस्थळावर व जाहिरातीत माझे नाव-छायाचित्र वापरण्यास माझी यापुढे संमती नाही.
>
> कृपया (१) या पानांवरून माझा मजकूर काढावा, (२) छायाचित्राची मूळ फाइल सर्व्हरवरूनही काढावी, (३) माहितीपत्रकाची सुधारित प्रत टाकावी. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे करून मला ईमेलने कळवावे, ही विनंती.
>
> सोबत: लिंकची यादी, स्क्रीनशॉट.

बाकी पगाराचा हिशेब, अनुभवाचा दाखला, जुने रुसवेफुगवे यातलं काहीही या पत्रात घालू नका. माझेही दोन महिन्यांचे पैसे अडकले होते आणि हात शिवशिवत होता. पण एकदा ते घातलं की पत्र भांडणाचं होतं आणि वेबसाइटवाल्याकडे जातच नाही. पत्र ईमेलनं पाठवा, म्हणजे लिंक दाबून उघडता येतील. तेच छापून, सही करून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. पाठवण्याआधी नेमणूकपत्रही एकदा वाचून बघा. नोकरी सोडल्यावरही फोटो वापरू, अशी अट त्यात असेल तर मात्र आधी वकिलाला दाखवा.

नवव्या दिवशी ‘काढले आहे’ असं उत्तर आलं. पान उघडलं, मी नव्हते. पण ती फोटोची वेगळी लिंक उघडली, तर फोटो जसाच्या तसा! त्यांची वेबसाइट वर्डप्रेसवर होती. तिथं पानावरून फोटो काढला तरी फाइल `wp-content/uploads` मध्ये पडून राहते. ती मीडिया लायब्ररीत जाऊन `Delete permanently` करावी लागते. मी एका ओळीचा ईमेल टाकला आणि ते दुसऱ्या दिवशी झालं. तपासताना दुसऱ्याचा फोन घ्या, कारण आपल्या ब्राउझरनं जुनी प्रत साठवून ठेवलेली असते.

तरी गुगलवर फोटो दिसत राहतो. त्याला गुगलचं `Refresh Outdated Content` नावाचं पान आहे. तिथं आपण स्वतः लिंक देऊ शकतो, क्लासवाल्यांची गरज नाही. मात्र वेबसाइटवरून मजकूर खरोखर गेलेला असेल तरच ती विनंती मान्य होते. मी आधीच घाई केली होती, ती नाकारली गेली.

आता कायदा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हे कलम त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचं आहे. त्याआधी पत्रात त्याची धमकी दिली तर समोरचा वकील हसेल. आपल्या धंद्यात जास्त उपयोगी आहेत त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या कोचिंगसाठीच्या मार्गदर्शक सूचना. प्राध्यापकांच्या पात्रतेबद्दल खोटा दावा करायला त्यात मनाई आहे. माझ्या विभागप्रमुखपदाचं काय झालं असतं ते बघा! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, आणि फसलेल्या पालकांसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. पहिल्या पत्रात मी यातलं काही लिहिलं नव्हतं. १५ दिवस कोरडे गेले असते तर दुसऱ्या पत्रात लिहिलं असतं, आणि तेव्हा वकिलाची सहीही घेतली असती.

एक गोष्ट मात्र मागू नका, निदान या पत्रात तरी नको: यूट्यूबवरची तुमची जुनी लेक्चरं. पगारी नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार मालकाचा असतो. माझी लेक्चरं अजून तिथंच आहेत. मी फक्त वर्णनात ‘माजी शिक्षिका’ एवढं घालायला सांगितलं, आणि ते त्यांनी घातलं.