किब्ला सावलीवरून काढायचा असेल तर

किब्ला म्हणजे नमाजासाठी तोंड करायची मक्केची दिशा. ती काढण्याची मध्ययुगीन रीत शिकायची म्हणून एकदम गोलीय त्रिकोणमितीत उडी मारू नकोस. आधी 13व्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तुसी यांनी सांगितलेली सावलीची पद्धत नीट कर. सूर्य वर्षातून दोनदा, आजच्या हिशेबाने 28 मे आणि 16 जुलैच्या सुमारास, भर दुपारी मक्केच्या डोक्यावर येतो. त्या क्षणी तू जिथे असशील तिथून सूर्य दिसत असेल, तर सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. सावली बरोबर उलट पडते, नवखे इथेच चुकतात.

प्रश्न फक्त तो क्षण ओळखण्याचा. तुसींची वेधशाळा इराणमधल्या मराग्याला होती. मरागा रेखांशाने मक्केच्या पूर्वेला सुमारे 6.4 अंश. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे मराग्याच्या माध्यान्हानंतर साधारण 26 मिनिटांनी सूर्याकडे बघायचं. दक्षिणेपासून पश्चिमेकडे अंदाजे 21 अंशांवर तो दिसेल.

सावली उत्तर-दक्षिण माध्यान्हरेषेवर आली की माध्यान्ह झाला. ही रेषा काढायला सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मधोमध शंकू, म्हणजे सावली बघायची सरळ काठी, उभा कर. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं आणि दुपारी बाहेर पडतं, ते दोन्ही बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम मिळते. तिच्यावरचा लंब म्हणजे माध्यान्हरेषा. अरब याला ‘हिंदी वर्तुळ’ म्हणत! शंकू ओळंब्याला लावून बघ, कलला असेल तर सगळंच फुकट.

खरी अडचण रेखांशाची. तेव्हाच्या कोष्टकांत अंशा-दोन अंशांची चूक सहज असे, आणि मराग्यात सूर्य त्या वेळी इतका उंच असतो की 4 मिनिटांच्या चुकीने दिशा जवळपास 3 अंशांनी सरकते.