निम्मं-निम्मं खर्चाचा हिशेब

प्रश्न : मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. हातात ४०,००० रुपये येतात, नवऱ्याच्या हातात १,५०,०००. घरखर्च ४०,००० आणि फ्लॅटचा हप्ता ३६,०००, सगळं निम्मं-निम्मं. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मला काही घ्यायचं झालं की त्यांच्याकडे मागावं लागतं. ते देतात, पण ‘परत?’ असं विचारून. पगाराच्या प्रमाणात वाटणी केली तर बरं पडेल का?

उत्तर : बरं पडेल, पण आधी हप्ता बाजूला काढा.

आज तुम्ही ३८,००० देता आणि तुमच्याकडे २,००० उरतात, त्यांच्याकडे १,१२,०००. त्या ३८,००० मधले १८,००० ज्या घरासाठी जातात, त्याच्या कागदांवर तुमचं नाव नाही. उद्या वाद झालाच, तर ‘हप्ते मीही भरले’ हे बँकेच्या नोंदी काढून सिद्ध करत बसावं लागेल. मला ‘परत?’पेक्षा हे जास्त खटकतं.

म्हणून यजमानांसमोर दोन पर्याय ठेवा. फ्लॅट त्यांचाच राहणार असेल, तर हप्ताही त्यांचाच. मग ४०,००० च्या घरखर्चात पगाराच्या प्रमाणात तुमचा वाटा साधारण साडेआठ हजार होतो. घर दोघांचं करायचं असेल, तर पूर्ण ७६,००० प्रमाणात वाटा : तुमचे १६,०००, त्यांचे ६०,०००. मात्र त्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र हवं. महाराष्ट्रात राहत्या घरासाठी पती-पत्नींमध्ये त्याचं मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. कर्ज चालू असल्याने बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागेल. सोसायटीच्या दाखल्यावर नाव चढवलं म्हणजे मालकी मिळाली असं नाही, बरेच जण इथेच फसतात.

दुसरा पर्याय धरू. तुमच्याकडे २४,००० उरतील, त्यांच्याकडे ९०,०००. मागण्याचा प्रश्न मात्र नुसत्या प्रमाणाने सुटत नाही. दोघांनी स्वतःसाठी सारखीच रक्कम ठेवा, समजा १२,०००, आणि तिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. पगार कमी म्हणून हातखर्चही कमी, हे मला पटत नाही. तुमचे बाकीचे १२,००० तुमच्या नावावर एसआयपीत जाऊ द्या, कारण निवृत्तीला तुमचा पीएफ त्यांच्यापेक्षा बराच लहान असेल. त्यांच्या ७८,००० मधून मुलांचं शिक्षण, विमा आणि अडीअडचणीचा निधी उभा राहील. त्यातली कोणती रक्कम कुठे गुंतवायची, हे मात्र दोघांनी बसून ठरवायचं.

‘मीच तुझ्या नावावर गुंतवतो’ असं ते म्हणाले, तर थांबवा. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशांवरचं उत्पन्न करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यांनी घरखर्च उचलायचा आणि तुम्ही तुमच्या पगारातून गुंतवायचं, यात ती अडचण येत नाही. एसआयपी तुमच्या पगाराच्या खात्यातूनच कापली जाऊ द्या, संयुक्त खात्यातून नको.