तरलता सापळा समजून घ्यायचाय? जपानपासून सुरू करा

व्याजदर शून्याजवळ पोचल्यावर पैसा वाढवूनही अर्थव्यवस्था हलत नाही, तो तरलता सापळा. पाठ्यपुस्तकातल्या आयएस-एलएमच्या आकृत्या सध्या बाजूला ठेवा. आधी जपानची 2001 ते 2006 ही वर्षं नीट बघा.

व्याजदर शून्यावर आला होता. मार्च 2001 मध्ये बँक ऑफ जपानने बँकांच्या तिच्याकडच्या शिलकीचं लक्ष्य 5 लाख कोटी येन ठेवलं आणि 2004 पर्यंत ते 30-35 लाख कोटींवर नेलं. तरीही बँकांची कर्जं घटतच राहिली. कारण व्याज शून्य असलं की रोखे आणि रोकड यांत फरक उरत नाही. मध्यवर्ती बँक रोखे घेऊन पैसे देते, ते तिथेच पडून राहतात. त्यात कंपन्या जुनी कर्जं फेडण्यात गुंतलेल्या, मग नवं कर्ज घेणार कोण?

सरकारचा खर्च मात्र थेट कुणाचं तरी उत्पन्न होतो. एरवी सरकारी कर्जामुळे व्याज चढतं आणि खाजगी गुंतवणूक मागे हटते. इथे पैसा पडूनच असल्याने व्याज फारसं हलत नाही.

नवशिक्यांच्या दोन चुका:

- 'पैसा वाढला म्हणजे महागाई आलीच' असं धरून चालणं. आधी कर्जवाटप वाढलं का, ते बघा.
- प्रत्येक मंदीला सापळा म्हणणं. 2020 मध्ये आपला रेपो दर 4 टक्के होता, शून्य नव्हे.

अपेक्षित महागाईचा मुद्दा नंतर घेऊ.